न दिसलेली मालिका

परीक्षा सकाळी दहाला होती, पण मावशी आठलाच लॅबमध्ये आली होती. ती काही अभ्यासासाठी नाही. मशीन चालू करणं, खुर्च्या सरळ लावणं, बंद पडलेल्या माउसवर चिठ्ठी चिकटवणं हे तिचं रोजचं काम होतं. चौदा वर्षं ती या कॉलेजात लॅब अटेंडंट होती. दोन वर्षांपूर्वी तिने त्याच लॅबमधल्या संध्याकाळच्या डिप्लोमाला नाव घातलं आणि तेव्हापासून सकाळी ती ज्या खुर्च्या पुसायची, त्यातल्याच एकीवर संध्याकाळी बसायची. वर्गातली सगळी पोरं तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. तिला सगळे मावशीच म्हणायचे, अगदी शिक्षकसुद्धा.

त्या दिवशी ऑपरेटिंग सिस्टिमचा पेपर होता. साडेनऊला तिने ओढणीला हात पुसले, किल्ल्या शिपायाकडे दिल्या आणि परीक्षार्थी म्हणून रांगेत उभी राहिली.

पहिले तीन प्रश्न बरे गेले. चौथा दहा गुणांचा होता. पडद्यावर लिहिलं होतं: ‘खालील स्क्रीनशॉटमध्ये दिलेल्या रेफरन्स स्ट्रिंगसाठी, तीन फ्रेम आहेत असे धरून, फिफो आणि एलआरयू या पद्धतींनी किती पेज फॉल्ट होतील ते काढा.’ त्याखाली एक करडा चौकोन होता, कोपऱ्यात फाटक्या चित्राची छोटी खूण. बाकी काही नाही. त्याखाली आकडे भरायच्या दोन लहान चौकटी आणि ‘कृती’ लिहायची एक मोठी चौकट.

मावशीने पान पुन्हा उघडलं. करडा चौकोन तसाच. तिने वायर दाबून पाहिली, ही तिची रोजचीच सवय. नेट चालू होतं. शेजारी चष्मा बसला होता. जाड भिंगांमुळे सगळे त्याला चष्माच म्हणायचे; हुशार पण आळशी पोरगा. त्याच्याही पडद्यावर करडा चौकोन होता.

तिने हात वर केला.

“सर, चित्र दिसत नाही.”

पर्यवेक्षक दुसऱ्या विभागातले होते. त्यांनी वाकून पाहिलं, मग दोन-तीन मशीन पाहिली. “कुणालाच दिसत नाहीये. मी फोन करतो.” फोन कुणी उचलला नाही. पाच मिनिटांनी ते म्हणाले, “जे दिसतंय त्यावर लिहा. वेळ वाढवून मिळणार नाही.”

वर्गात हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, “दिसतच नाही तर लिहायचं काय, कप्पाळ?” बहुतेकांनी प्रश्न सोडून दिला. चष्म्याने दोन चौकटींत दोन आकडे ठोकले आणि पुढे गेला.

मावशी मात्र तिथेच अडली. हा एकच प्रश्न तिचा सगळ्यात पक्का होता. तो समजायला तिला पंधरा दिवस लागले होते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तीन वाट्या मांडून, कागदाच्या चिठ्ठ्यांवर आकडे लिहून तिने तो गिरवला होता. अकरावीतली मुलगी आकडे सांगायची आणि ती चिठ्ठ्या टाकायची, काढायची. गोष्ट साधी होती. संगणकाला एका वेळी थोडीच पानं हाताशी ठेवता येतात; त्या जागांना फ्रेम म्हणायचं, इथे तीन. मागितलेलं पान हाताशी असेल तर ठीक. नसेल तर ते आतून आणावं लागतं, त्यालाच पेज फॉल्ट म्हणायचं. आणि तिन्ही जागा भरलेल्या असतील तर एक पान बाहेर काढावं लागतं. कुठलं, एवढाच सगळा वाद. फिफो म्हणते, जे आधी आलं ते आधी बाहेर; मध्ये कितीदा वापरलं याच्याशी देणंघेणं नाही. एलआरयू म्हणते, ज्याला सगळ्यात जास्त वेळ कुणी हात लावला नाही ते बाहेर. आणि कुठली पानं कुठल्या क्रमाने मागितली त्या आकड्यांची रांग म्हणजे रेफरन्स स्ट्रिंग. ती रांगच नसेल तर उत्तर काढायचं कशाचं?

तिने घड्याळ पाहिलं. चाळीस मिनिटं उरली होती. मोठ्या चौकटीत तिने टाईप केलं: ‘स्क्रीनशॉट दिसत नाही. पर्यवेक्षकांना सांगितलं आहे. म्हणून मी स्वतः एक मालिका धरते.’

मग कच्च्या कागदावर दोन मालिका लिहून खोडल्या. पहिलीत दोन्ही पद्धतींचं उत्तर सारखंच येत होतं. तसलं लिहून काय उपयोग? तिसरी जमली. ५, २, ८, ५, ३, ५, २, ८, ५, ३. तिने एकेक ओळ मांडली. फिफोत चौथा आकडा पाच, तो हाताशीच. मग तीन आला, तेव्हा सगळ्यात आधी आलेला पाच बाहेर गेला, आणि लगेच पुढे पाचच मागितला, म्हणून पुन्हा फॉल्ट. असे एकूण आठ. एलआरयूमध्ये तीन आला तेव्हा पाच नुकताच वापरलेला होता, म्हणून तो राहिला आणि दोन गेला. असे एकूण सात. खाली तिने लिहिलं, ‘खरी मालिका वेगळी असेल तर आकडे बदलतील, पद्धत हीच.’

लहान चौकटींत आठ आणि सात भरले आणि ती उठली.

निकाल नवव्या दिवशी लागला. पास व्हायला चाळीस लागत होते, मावशीला छत्तीस होते. प्रश्नवार गुण उघडून पाहिले तर चौथ्यासमोर भोपळा.

चष्मा लॅबच्या दारात उभा होता, तोंड पाडून. त्याला त्रेसष्ट होते.

“तुझं तोंड का असं?” मावशीने विचारलं.

“मावशी, मला चौथ्यात दहापैकी दहा आहेत.”

“कसे?”

“नऊ आणि सात लिहिलं होतं. अंदाजे. लागलं.”

मावशीने हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. चष्माच चाचरत म्हणाला, “म्हणजे मशीन फक्त त्या दोन चौकटी तपासतं. मोठी चौकट कुणी उघडलीच नसणार.”

घरी नवऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “अगं, चारच तर गुण कमी पडलेत. पुढच्या वेळी दे परत. जीवाला का लावून घेतेस?”

“चार गुणांचं नाही,” ती पोळी उलटत म्हणाली. “मी लिहिलेलं कुणी वाचलंच नाही. वाचून शून्य दिलं असतं तर गप्प बसले असते.”

मुलीने बसल्या जागेवरून विचारलं, “आई, तू सरांशी भांडणार?”

“भांडायला कशाला हवं? विचारणार.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने अर्ज लिहिला, आपल्या उत्तराची छापील प्रत जोडली आणि विभागप्रमुखांच्या खोलीत गेली. सर निवृत्तीला आलेले, तीसेक वर्षं हाच विषय शिकवलेले. बोलणं तुटक, पण अर्ज पूर्ण वाचायची सवय होती त्यांना. त्यांनी वाचला आणि पेपर काढणाऱ्या मॅडमना बोलावून घेतलं.

मॅडम तरुण होत्या, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. त्या आल्या त्याच कानकोंड्या होऊन.

“मालिका कुठाय?” सरांनी विचारलं.

“सर, मी ती कागदावर लिहून फोनने फोटो काढला होता. पेपरात फोटो चढवायच्या ऐवजी फोनमधल्या फोटोची लिंक गेली. माझ्या मशीनवर दिसत होतं, म्हणून लक्षातच आलं नाही.”

“मग फोटो दाखवा.”

“फोन दुरुस्तीला दिला होता. त्यांनी सगळं पुसलं.”

“आणि कागद?”

मॅडम खाली बघत राहिल्या. “उत्तर तेवढं सिस्टिममध्ये भरलेलं होतं. नऊ आणि सात.”

सरांनी खुर्ची मागे रेलली. “म्हणजे आपल्याकडे उत्तर आहे आणि प्रश्न नाही. वा.” मग त्यांनी पेन उचललं. “हे बघा, उगाच वाढवायला नको. कुणालाच चित्र दिसलं नाही, तेव्हा सरसकट सगळ्यांना पाच गुण देऊन टाकू. मावशी, तुमचे एक्केचाळीस होतात. झालं तुमचं काम.”

मावशीच्या तोंडावर ‘बरं’ आलं होतं. ती निघालीही असती. पण अर्जाला जोडलेलं तिचं उत्तर सरांच्या कोपराखाली दुमडून पडलं होतं. पहिलं पान सोडून पुढचं कुणी उलटलंसुद्धा नव्हतं.

“सर, मला पाच नकोत,” ती म्हणाली.

“काय नकोत?”

“सरसकट नकोत. मी इथे नोकरीला आहे. उद्या लोक म्हणतील, सरांनी मावशीला ढकलून पास केली. माझं उत्तर तपासा. चुकलं असेल तर शून्य राहू दे.”

“अहो, पण तपासायचं कशाशी? मालिकाच नाही.”

“मी लिहिलीय ना मालिका. तिच्याशी तपासा.”

सर आता पुढे झाले. आवाजात थोडी धार आली. “असं कसं चालेल? प्रश्नही तुम्हीच काढायचा आणि उत्तरही तुम्हीच द्यायचं? उद्या कुणी एक, एक, एक, एक अशी मालिका धरेल आणि एक फॉल्ट म्हणून मोकळा होईल.”

“होईल. पण त्यात फिफो आणि एलआरयूचा फरकच दिसणार नाही. मी दोन मालिका त्याचसाठी खोडल्या. कच्चा कागद जोडलाय मागे.”

सरांनी कोपर उचललं, पान उलटलं, कच्चा कागद पाहिला. मॅडमही वाकून वाचू लागल्या. तेवढ्यात दारावर टकटक झाली. चष्मा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

“सर, मलाही सांगायचंय. माझे दहा गुण खोटे आहेत. मी आकडे अंदाजे ठोकले होते.”

“मग तू इथे का आलास? गप बसायचं होतंस.”

“बसणार होतो, सर. पण मावशींनी दोन पानं लिहून शून्य, आणि मी काही न लिहिता दहा. लॅबमध्ये रोज त्यांचं तोंड बघावं लागतं मला.”

सरांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. “बघा मॅडम, नऊ आणि सात हे उत्तर बरोबर असून काही कळत नाही. कुठल्या मालिकेचं नऊ-सात, हे माहीत असेल तरच त्याला अर्थ.” मग ते मावशीकडे वळले. “ठीक आहे. पण एक करू. ही मालिका तुम्ही घरून पाठ करूनही आणली असेल.”

“घरून कशी आणणार? चित्र दिसणार नाही हे मला आधी कुठे माहीत होतं?”

“तेही खरं. तरी मी देतो ती सोडवा. इथेच, फळ्यावर. चालेल?”

“चालेल.”

सरांनी फळ्यावर आठ आकडे लिहिले: ६, १, ९, ६, ४, १, ९, ६. तीन फ्रेम.

मावशीने खडू घेतला. आधी फिफो. सहा, एक, नऊ हे तीन फॉल्ट. पुन्हा सहा, तो हाताशी. चार आला, सगळ्यात जुना सहा बाहेर, चौथा फॉल्ट. एक हाताशी, नऊ हाताशी. शेवटी सहा नाही, म्हणून एकला काढून तो घेतला. “पाच,” ती म्हणाली आणि आकड्याभोवती गोल केला.

मग एलआरयू. पहिले तीन फॉल्ट तेच, सहा हाताशी तोच. चार आला. तिने बोटाने मागे मोजलं. सहा नुकताच वापरला, नऊ त्याआधी, एक त्याच्याही आधी. एक बाहेर. पुढचाच आकडा एक. पुन्हा फॉल्ट, आता नऊ बाहेर. पुढचा नऊ. सहा बाहेर. पुढचा सहा. चार बाहेर. तिने मोजले. सात.

ती थांबली. फळ्याकडे पाहत राहिली.

“काय झालं?” सरांनी विचारलं.

“एलआरयूचे जास्त आले.”

“वर्गात मॅडमनी काय शिकवलंय?”

“एलआरयू बहुतेक वेळा कमी फॉल्ट देते.”

“मग तुमचं कुठेतरी चुकलंय का?”

मॅडम काही बोलायला गेल्या, सरांनी हातानेच थांबवलं. मावशीचा हात फळ्याकडे गेला. पुसून टाकून आकडे उलटे करावेत असं क्षणभर तिच्या मनात आलं; सरांना तेच हवंय असं वाटत होतं. पण तिने खडू खाली ठेवला नाही. पहिल्या आकड्यापासून पुन्हा गेली, मनात वाट्या मांडून, एकेक चिठ्ठी काढत. पुन्हा सातच.

“नाही, सर. बरोबर आहे. फिफो पाच, एलआरयू सात.”

“पण का?”

“एलआरयूने जे पान काढलं, तेच लगेच पुढे मागितलंय. एक काढला, एक मागितला. नऊ काढला, नऊ मागितला. सहाचंही तेच. फिफोने फक्त सहा काढला आणि तो एकदम शेवटी लागला.” तिने खडू खाली ठेवला. “मॅडम ‘बहुतेक वेळा’ म्हणाल्या होत्या. ‘नेहमी’ नव्हत्या म्हणाल्या.”

मॅडमनी मान वर केली.

“मी मुद्दाम अशी मालिका दिली,” सर म्हणाले. “यावर निम्मा वर्ग पाठांतराच्या जोरावर आकडे बदलतो.” त्यांनी मावशीचं उत्तर मॅडमपुढे सरकवलं. “हे हाताने तपासा. ज्याने मालिका धरून कृती लिहिलीय त्याचं तसंच तपासायचं. बाकीच्यांना या एका प्रश्नाची फेरपरीक्षा, पुढच्या सोमवारी. सरसकट काही नाही. आणि मालिका टाईप करायची, फोटो नको.”

मॅडमनी तिथेच बसून तपासलं. आकडे दोन्ही बरोबर होते, पण एलआरयूच्या शेवटच्या दोन ओळींत कुठलं पान बाहेर गेलं ते मावशीने लिहिलं नव्हतं. वेळ संपत आला होता तेव्हा. मॅडम घुटमळल्या, मग दहापैकी आठ लिहिले.

“दोन कापलेत, मावशी.”

“कापायलाच हवेत,” मावशी म्हणाली. आणि खोलीबाहेर येऊन भिंतीला टेकून मिनिटभर उभी राहिली. चव्वेचाळीस.

पण गोष्ट तिथे संपली नाही. सत्तावीस जणांच्या वर्गात मालिका धरून लिहिणारी ती एकटीच निघाली. सव्वीस जणांना फेरपरीक्षा लागली, आणि सरसकट पाच गुण मिळता मिळता राहिले ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळली. नऊ जण असे होते की त्या पाचांवर पास झाले असते. त्यांत बॅटरी होता. फोन कायम संपलेला, म्हणून ते नाव. तो दिवसभर दुकानात उभा राहून संध्याकाळी वर्गाला यायचा.

“मावशी, तुमचं झालं हो,” तो सगळ्यांसमोर म्हणाला. “आमच्या ताटातलं काढलंत ते? तुम्हाला पाच घेऊन गप्प बसता येत नव्हतं?”

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. “सोमवारपर्यंत रोज पाच ते सहा लॅब उघडी ठेवते,” ती म्हणाली. “या. एकच प्रश्न आहे. सगळ्यांना येईल असा करून घेते.”

पहिल्या दिवशी चार जण आले, दुसऱ्या दिवशी अकरा. मावशीने घरून वाट्या आणल्या. त्या पाहून पोरं हसली आणि दहा मिनिटांनी हसायची थांबली. चष्मा आकडे सांगायचा, ती विचारायची, “आता कोण बाहेर? आणि का?” नुसता आकडा सांगितला तर ती पुढे जाऊच द्यायची नाही. तिसऱ्या दिवशी मॅडमही येऊन मागच्या बाकावर बसल्या. बॅटरी एकदाही आला नाही.

फेरपरीक्षा झाली. नऊपैकी सात पास झाले. चष्म्याला दहापैकी नऊ मिळाले, आणि त्या नऊंचं त्याने आधीच्या दहांपेक्षा जास्त कौतुक केलं. राहिलेल्या दोघांत बॅटरी होता, दोन गुणांनी. ते कळलं त्या दिवशी मावशीचं जेवणात लक्ष नव्हतं. नवऱ्याने तिच्या पानात भात वाढला.

तीन आठवडे बॅटरी तिच्याशी बोलला नाही. लॅबमध्ये यायचा, लांबच्या मशीनवर बसायचा, जायचा. तिनेही ओढूनताणून बोलायचा प्रयत्न केला नाही. मग एका दुपारी, वर्ग नसताना, ती कीबोर्ड झटकत होती तेव्हा तो आला आणि वहीतलं एक पान तिच्यापुढे धरलं.

“हे बघा. पान हाताशी असलं की मी फिफोतही त्याला रांगेत मागे नेत होतो. तिथेच गेले माझे दोन गुण. बरोबर?”

मावशीने पान पाहिलं. त्याने लाल पेनाने स्वतःचीच चूक गोल केली होती.

“बरोबर. वापरल्याने क्रम बदलतो तो एलआरयूत. फिफोला कधी आलास एवढंच विचारायचं असतं.”

“दुकान दुपारी बंद असतं, तीनला पुन्हा उघडतं,” तो म्हणाला. अजून तिच्याकडे नीट बघत नव्हता.

“आता दीड वाजलाय,” मावशी म्हणाली आणि कीबोर्ड बाजूला ठेवून तिने खुर्ची ओढली. “बस. मालिका तू सांग.”